अरबीतून फोनवर अपॉइंटमेंट: नाव, नंबर आणि वेळ चुकू न देता कशी घ्यायची

आखाती देशांत राहणाऱ्या मराठी माणसाला बाजारातलं अरबी चार-सहा महिन्यांत येतं. समोर माणूस असतो, हात असतात, बोटांवर आकडे दाखवता येतात. फोनवर यातलं काहीच नसतं, आणि म्हणून दुकानात बिनधास्त बोलणारा माणूस दवाखान्याच्या फोनवर अडतो. बहुतेक वेळा तो “मला अपॉइंटमेंट हवी” या वाक्यावर अडत नाही. तो अडतो नाव सांगताना, आणि फसतो वेळ ऐकताना. दवाखान्यात पोचल्यावर कळतं की यादीत आपलं नाव नाही, किंवा आहे पण परवाच्या तारखेला.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. सौदी अरेबियात जुबैलमध्ये काम करणारे प्रवीण गोविंद चव्हाण दाढ दुखते म्हणून एका खासगी दंत दवाखान्यात फोन करतात. रिसेप्शनवरची बाई अरबीच बोलते. नाव मुद्दाम असं घेतलं आहे की त्यात प, व, ग, च हे चारही त्रासदायक आवाज यावेत. हे चारही मूळ अरबी वर्णमालेत नाहीत.

वाचण्याआधी उच्चाराबद्दल थोडंसं

अरबी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. मध्ये ’ ही खूण दिसली की तिथे बहुतेक वेळा ‘ऐन’ हे अक्षर आहे, म्हणजे घसा किंचित आवळून काढलेला आवाज. तो नीट जमला नाही तरी तिथे छोटा थांबा घ्या, चालतं. ‘थ’ म्हणजे आपल्या थाळीतला थ नव्हे. जिभेचं टोक दातांत धरून काढायचा. ‘झ’ सगळीकडे झाडातला समजा. ‘काफ’ गटातल्या एका अक्षराचा उच्चार सौदीत आणि आखातात बराचसा ‘ग’ होतो, त्यामुळे नंबर या अर्थाने मी ‘रकम’ लिहिलं असलं तरी तिकडून ‘रगम’ ऐकू येईल. घाबरू नका, शब्द तोच आहे.

टप्पा 1: फोन लावण्याआधी कागद तयार करा

एका कागदावर मोठ्या अक्षरांत पाच गोष्टी लिहा: नाव (अक्षरं सुटी करून), इकामा म्हणजे निवास परवान्याचा क्रमांक, मोबाइल क्रमांक, काय दुखतंय, आणि कोणते दोन दिवस चालतील. मोबाइलवरच लिहून ठेवलं तर बोलताना स्क्रीन कानाला लागते आणि लिहिलेलं दिसत नाही. म्हणून कागद. सोबत पेन.

काय दुखतंय ते एकाच वाक्यात लिहा. दाढेसाठी “दिर्सी यौज’नी” पुरे. दात साफ करायचे असतील तर “तन्झीफ अस्नान”, दात भरायचा असेल तर “हश्वा”, काढायचा असेल तर “खल्’अ”. सगळी कहाणी डॉक्टरला सांगायची असते. रिसेप्शनवरच्या बाईला फक्त कोणत्या डॉक्टरकडे आणि किती वेळाची जागा द्यायची एवढंच ठरवायचं असतं.

दोन दिवस आधी ठरवून ठेवणं हे अनेकजण सोडतात. “कुठलाही दिवस चालेल” असं म्हटलं की पलीकडून भराभर तीन-चार पर्याय येतात, आणि ऐकण्याचं काम तिप्पट होतं. तुम्हीच दिवस सुचवलात तर तिला फक्त “ऐवा” किंवा “ला” म्हणायचं उरतं, म्हणजे हो किंवा नाही. तेवढं कुणालाही ऐकू येतं.

*तपासा:* इकामा क्रमांक दहा आकडी आहे ना, आणि परदेशी रहिवाशाचा असल्यामुळे 2 ने सुरू होतो ना? मोबाइल 05 ने सुरू होणारा दहा आकडी आहे ना?

टप्पा 2: नावाचं अरबी स्पेलिंग स्वतः बनवू नका, कार्डावरून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपण उच्चारावरून नाव फोडायला लागतो. चव्हाणमधल्या ‘च’साठी काय म्हणायचं? ‘ता’ आणि ‘शीन’ जोडून लिहितात, कुणी नुसता ‘शीन’ लिहितो. ‘व’साठी काहीजण ‘फा’ लिहितात, काहीजण ‘वाव’. ‘ग’चे तर तीन रस्ते आहेत: ‘गैन’, ‘जीम’ किंवा ‘काफ’, इजिप्तचा कारकून ‘जीम’लाच ‘गीम’ म्हणतो. यातलं कोणतंच चूक नाही, आणि अडचण तीच आहे. तुम्ही आज एक स्पेलिंग सांगितलं आणि विम्याच्या नोंदीत दुसरं असलं, तर यंत्रणेला ती दोन वेगळी माणसं दिसतात.

तुमच्या इकाम्यावर तुमचं नाव अरबीत आधीच छापलेलं आहे. ते कुणीतरी, कधीतरी, कसंही लिहिलं असेल, पण आता अधिकृत तेच. अमिरातीच्या ओळखपत्रावरही अरबी नाव असतं. ते वाचता येत नसेल तर अरबी लिपी येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याकडून एकदा अक्षरं फोडून घ्या आणि देवनागरीत लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कार्ड बदलेपर्यंत पुरतं.

प्रवीणच्या कार्डावर असं आहे, असं धरू:

برافين غوفيند تشافان

उजवीकडून वाचल्यावर अक्षरं अशी:

- प्रवीण: बा, रा, अलिफ, फा, या, नून
- गोविंद: गैन, वाव, फा, या, नून, दाल
- चव्हाण: ता, शीन, अलिफ, फा, अलिफ, नून

‘प’चा ‘बा’ झाला, ‘व’चा ‘फा’ झाला. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण फोनवर “प्र, प” असं कितीही जोरात म्हटलं तरी पलीकडे ‘ब’च ऐकू येणार. ‘बा’ म्हणून मोकळं व्हावं.

*सावधान:* कोकणातल्या ज्या वाचकांनी लहानपणी मदरशात अक्षरं शिकली त्यांच्या तोंडी ‘बे, ते, से’ बसलेलं असतं. ती उर्दू धाटणीची नावं आहेत. अरबीत ‘बा, ता, था’ म्हणा. आणि उर्दूतले ‘पे’, ‘चे’, ‘गाफ’ अरबी कारकुनाच्या वर्णमालेत नाहीत. ते सांगितले तर ती नुसती गप्प होते.

टप्पा 3: प्रत्येक अक्षराला एक शब्द जोडा

अक्षरांची नावं फोनवर एकमेकांत मिसळतात. बा, ता, था, फा, रा, या, हा, खा हे सगळे शेवटी सारखेच ऐकू येतात. ‘सीन’ आणि ‘शीन’ यांचंही तेच, ‘ऐन’ आणि ‘गैन’चंही. त्यात दोन वेगळे ‘ता’ आहेत, दोन वेगळे ‘हा’ आहेत, जे आपल्या कानाला एकच वाटतात. म्हणून अक्षर म्हणायचं, लगेच ‘मिथ्ल’ म्हणजे ‘जसं’, आणि मग सगळ्यांना माहीत असलेला शब्द.

सौदीत गावांची नावं सगळ्यात भरवशाची. माणसांच्या नावांत चकवा असतो, गावाचं स्पेलिंग मात्र कारकुनाला शाळेपासून पाठ असतं. सोपं गाव सापडत नाही तिथे ओळखीचं नाव किंवा शब्द घ्या. आपल्या उदाहरणापुरती जोडणी अशी:

बा, मिथ्ल बुरैदा. रा, मिथ्ल रियाद. अलिफ, मिथ्ल अब्हा. फा, मिथ्ल फहद. या, मिथ्ल यन्बु’. नून, मिथ्ल नजरान. वाव, मिथ्ल वलीद. दाल, मिथ्ल दम्माम. शीन, मिथ्ल शम्स. गैन, मिथ्ल गझाल. ता, मिथ्ल तबूक.

तुमच्या नावात दुसरी अक्षरं असतील तर: जीम, मिथ्ल जद्दा. मीम, मिथ्ल मक्का. लाम, मिथ्ल लैला. काफ, मिथ्ल किताब. सीन, मिथ्ल सु’ऊदिय्या. खा, मिथ्ल खुबर. आता दोन ‘ता’: हलका ‘ता’ तबूकचा, जड ‘ता’ ताइफचा. दोन ‘हा’: घशातला ‘हा’ हाइलचा, साधा ‘हा’ हुफूफचा. आवाज तुम्हाला अगदी नेमका काढता आला नाही तरी गावाच्या नावावरून कारकून योग्य अक्षर टाइप करते. पाटील, सावंत, तावडे यांच्यासाठी हे फार उपयोगाचं आहे, कारण आपल्या ‘ट’ आणि ‘त’ दोघांसाठी कार्डावर बहुधा तबूकचाच ‘ता’ असतो. शंका आली तर कार्ड बघा.

‘मिथ्ल’ऐवजी ‘झै’ म्हटलेलं ऐकू येईल, विशेषतः जद्देकडच्या किंवा इजिप्तच्या माणसाकडून. अर्थ तोच.

*तपासा:* कागदावरची यादी मोठ्याने एकदा वाचा. प्रत्येक तीन अक्षरांनंतर थांबता येतंय का? सहा अक्षरं एका दमात म्हटली की पलीकडची व्यक्ती चौथ्याला हरवते.

टप्पा 4: फोन लागल्यावर पहिली तीन वाक्यं

आधी यंत्र बोलत असेल तर “इद्गत” हा शब्द पकडा, म्हणजे ‘दाबा’. “लिल्-मवा’ईद, इद्गत वाहिद” ऐकू आलं की 1 दाबा. मवा’ईद म्हणजे अपॉइंटमेंट्स.

माणूस बोलला की थेट कामावर येऊ नका. अरबी फोनवर अभिवादनाला उत्तर न देणं उद्धट वाटतं. ती “मसा अल-खैर” म्हणाली तर “मसा अन्-नूर”, “सबाह अल-खैर” म्हणाली तर “सबाह अन्-नूर”, “अस्सलामु अलैकुम” म्हणाली तर “व अलैकुम अस्सलाम”. मग ठिकाण पक्कं करा: “इयादत अल-अस्नान, सह?” म्हणजे दातांचा दवाखाना, बरोबर? चुकीच्या नंबरावर पूर्ण नाव स्पेल करून झाल्यावर कळणारे लोक असतात. तिसरं वाक्य: “अब्गा अह्जिझ मौ’इद, लौ समहती.” मला अपॉइंटमेंट घ्यायची आहे, कृपया.

‘समहती’ बाईशी बोलताना. पुरुष असेल तर ‘समहत’. ही चूक झाली तरी काम अडत नाही, पण बाईला सतत पुरुषी रूपाने बोललेलं खटकतं. वयाचा अंदाज नसताना ‘उख्ती’ (बहीण) किंवा ‘अखूय’ (भाऊ) म्हणणं सुरक्षित आहे.

यानंतर दोन प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. “अव्वल मर्रा?” म्हणजे पहिल्यांदाच येताय का, किंवा त्याचाच भाऊ “’इंदक मलफ्फ?” म्हणजे तुमची फाइल आहे का. नसेल तर “मा ’इंदी मलफ्फ.” दुसरा प्रश्न “ता’मीन वल्ला काश?” म्हणजे विमा की रोख. ‘ता’मीन’ म्हटलंत तर विमा कंपनीचं नाव विचारतील, म्हणून तेही कागदावर असू द्या.

टप्पा 5: नाव सांगणं

“अल-इस्म अल-करीम?” असं विचारलं की पूर्ण नाव एकदा सहज, नेहमीच्या वेगाने सांगा. लगेच म्हणा: “अतहज्जा लिक, हर्फ हर्फ.” मी स्पेल करतो, अक्षरागणिक. पुरुषाशी बोलताना ‘लिक’चं ‘लक’ करा. हे वाक्य तिने विचारण्याआधी म्हणणं महत्त्वाचं, नाहीतर ती अंदाजाने काहीतरी लिहून पुढे गेलेली असते.

कधी ती “अल-इस्म अथ्-थुलाथी” विचारते, म्हणजे तीन भागांचं नाव. अरबी पद्धतीत ते स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं असतं. आपलं स्वतःचं, वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) आणि आडनाव हे तीन भाग त्याच जागेत बसतात. आजोबांचं नाव शोधायला जाऊ नका. कार्डावर जो क्रम आहे तोच सांगा. आडनाव वेगळं सांगायचं असेल तर “इस्म अल-’आइला”.

आता अक्षरं. तीन सांगा, थांबा, तिचं “ऐवा” किंवा “तैयिब” ऐका, पुढची तीन. एक शब्द संपला की “खलास, अल-इस्म अथ्-थानी” म्हणून दुसऱ्या नावाकडे वळा, नाहीतर प्रवीण आणि गोविंद चिकटून एकच बारा अक्षरी नाव तयार होतं.

ती चुकीचं परत म्हणाली तर काय करायचं? समजा ‘शीन’ला ती ‘सीन’ म्हणाली. बहुतेकजण म्हणतात “सीन नाही, शीन”. खराब लाइनवर यातला ‘सीन’च पुन्हा पोचतो. चुकीचं अक्षर स्वतःच्या तोंडून येऊच देऊ नका. “ला. शीन. शम्स.” एवढंच, प्रत्येक शब्दानंतर थांबून.

इंग्रजी स्पेलिंग मागितलं (“बिल-इंग्लीझी?”) तर पासपोर्टप्रमाणे PRAVIN CHAVAN सांगायचं. इथे P आणि B, V आणि F यांची गल्लत होते. P साठी “मिथ्ल बाकिस्तान” म्हणा. उच्चार ‘ब’ असला तरी ते P ने लिहितात हे सगळ्यांना ठाऊक असतं. V साठी “मिथ्ल फीझा”, म्हणजे व्हिसा.

दोनदा प्रयत्न करूनही जमत नसेल तर तिसरा करू नका. “मुम्किन बि-रकम अल-इकामा?” इकामा नंबरने चालेल का, विचारा. ज्यांच्या यंत्रणेत नंबर टाकला की नाव येतं, तिथे काम संपलं. मला विचाराल तर विमा असलेल्याने हा रस्ता आधीच सुचवावा. पण लहान दवाखान्यांत वहीतच नोंद होते, तेव्हा स्पेलिंगची तयारी सोडू नका.

टप्पा 6: आकडे

आकडे एकेक सांगा: सिफर, वाहिद, इथ्नैन, थलाथा, अर्ब’आ, खमसा, सित्ता, सब्’आ, थमानिया, तिस्’आ. दहा आकडे तीन-तीन-चार अशा गटांत.

फोनवर सब्’आ (7) आणि तिस्’आ (9) यांची अदलाबदल सर्रास होते. तुमच्या क्रमांकात यातला एखादा असेल तर तिथे आधीच टेकू द्या: “सब्’आ, ब’अद सित्ता” म्हणजे सहानंतरचा सात, “तिस्’आ, कब्ल ’अश्रा” म्हणजे दहाच्या आधीचा नऊ. तारखेत 17 (सब्’अता’श) आणि 19 (तिस्’अता’श) यांचंही असंच होतं.

ती तुम्हाला एखादा नंबर जोडीजोडीने सांगू लागली, उदाहरणार्थ “खमसा व इश्रीन”, तर हा 25 आहे. एकक आधी येतो, पंचवीसमध्ये येतो तसाच. ऐकता ऐकता लोक 5, 20 असं लिहून बसतात. अशा वेळी “रकम रकम, लौ समहती” म्हणा, ती सुटे आकडे सांगेल.

टप्पा 7: दिवस आणि वेळ ऐकणं

वारांची नावं मोजणीची आहेत, पण मोजणी रविवारपासून. अल-अहद रविवार, अल-इथ्नैन सोमवार, अथ्-थुलाथा मंगळवार, अल-अर्बि’आ बुधवार, अल-खमीस गुरुवार, मग अल-जुमु’आ आणि अस्-सब्त. आकडे नुकतेच शिकलेला माणूस ‘थुलाथा’ ऐकून तिसरा दिवस म्हणतो आणि सोमवारपासून मोजून बुधवारी जाऊन उभा राहतो. सौदीत सुटी शुक्रवार-शनिवार, म्हणजे ‘अल-अहद’ हा आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार सुटी आहे, तिथे हा हिशेब लावू नका.

वेळेत खरी मेख आहे ‘इल्ला’. “खमसा इल्ला रुब्’अ” म्हणजे पावणेपाच. आपल्यासारखंच पुढच्या तासाचं नाव घेतात. आपल्याकडे नसलेली गोष्ट म्हणजे ‘थिल्थ’, तासाचा तिसरा भाग, वीस मिनिटं. “खमसा व थिल्थ” पाच वीस. “खमसा इल्ला थिल्थ” चार चाळीस. नुसतं ‘खमसा’ ऐकून पाचला गेलात तर वीस मिनिटं उशीर झालेला असतो. ‘व नुस्स’ म्हणजे साडे.

दुसरी मेख नमाजांच्या वेळा. “ब’अद अल-’अस्र”, “ब’अद अल-मग्रिब” असं सांगण्याची पद्धत आहे, आणि बोलणाऱ्याला ती पुरेशी वाटते. मग्रिब सूर्यास्ताला होते. जुबैलच्या बाजूला ती जूनमध्ये साडेसहाच्या आसपास, तर डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या सुमारास. रमजानमध्ये तर संध्याकाळच्या वेळा रात्रीवर सरकतात. तेव्हा नमाजाचं नाव ऐकू आलं की लगेच: “अस्-सा’आ कम, बिद्-दब्त?” नेमके किती वाजता?

‘बुक्रा’ (उद्या) आणि ‘ब’अद बुक्रा’ (परवा) यांच्यावर कधीच थांबू नका. पुढे वाराचं नाव वदवून घ्या: “बुक्रा, य’अनी अल-इथ्नैन?” आणि दिलेली वेळ फार लांबची असेल तर “फी कब्ल?” म्हणजे याआधी काही आहे का, किंवा सुरुवातीलाच “अक्रब मौ’इद” म्हणजे सगळ्यात लवकरची अपॉइंटमेंट मागा.

अडलं की काय म्हणायचं

इथे दोन वाक्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. “मा सिमि’त” म्हणजे ऐकू आलं नाही. “मा फहिमत” म्हणजे कळलं नाही. पहिलं म्हटलंत तर ती तेच वाक्य, त्याच वेगाने, फक्त मोठ्याने म्हणते. दुसरं म्हटलंत तर ती सोपं करून सांगते किंवा इंग्रजीचा आधार घेते. शब्दच माहीत नसताना “मा सिमि’त” म्हणत राहिलात तर आवाज वाढत जातो आणि तिला वाटतं तुमची लाइन खराब आहे.

लाइन खरंच खराब असेल तर “अस्-सौत युकत्ति’”, आवाज तुटतोय. हळू बोला म्हणायला “श्वय श्वय, लौ समहती”. पुन्हा सांगा: “मुम्किन त’ईदी?”, पुरुषाला “मुम्किन त’ईद?” किंवा सरळ “मर्रा थानिया”. लिहायला वेळ हवा असेल तर “लहझा”, एक क्षण. ती तुम्हाला “खल्लीक म’ई” म्हणाली तर फोन ठेवू नका. लाइनवर थांबा असा त्याचा अर्थ.

पूर्ण वाक्य पुन्हा मागण्यापेक्षा हरवलेला तुकडा मागा. “ऐ यौम?” कोणता दिवस? “अस्-सा’आ कम?” किती वाजता? “’इंद मीन?” कोणाकडे? तुकडा मागितला की उत्तरही तुकड्यातच येतं.

टप्पा 8: तुम्ही परत म्हणून दाखवा

हा टप्पा गाळला तर आधीचे सात वाया जाऊ शकतात. ती “इन्शा’अल्लाह” किंवा “अब्शिर” म्हणाली म्हणजे नोंद झाली असं धरू नका. दोन्ही शब्द सौजन्याचे आहेत. त्यांत ‘लिहिलं’ हा अर्थ असेलच असं नाही. क्रम ठरवून टाका: दिवस, वेळ, डॉक्टर, मग ‘सह?’ उत्तरात “सह”, “तमाम” किंवा “मझ्बूत” यायला हवं. शेवटी “तजीनी रिसाला?” मला मेसेज येईल का? येत नसेल तर “रकम अल-हज्झ?” म्हणून बुकिंग क्रमांक मागून घ्या.

सगळं एकत्र: प्रवीणचा फोन

— मसा अल-खैर.
— मसा अन्-नूर. इयादत अल-अस्नान, सह?
— ऐवा, तफद्दल.
— अब्गा अह्जिझ मौ’इद, लौ समहती. दिर्सी यौज’नी.
— सलामतक. अव्वल मर्रा?
— ऐवा, मा ’इंदी मलफ्फ.
— ता’मीन वल्ला काश?
— काश.
— अल-इस्म अल-करीम?
— प्रवीण चव्हाण. अतहज्जा लिक, हर्फ हर्फ. बा, मिथ्ल बुरैदा. रा, मिथ्ल रियाद. अलिफ.
— तैयिब.
— फा, मिथ्ल फहद. या, मिथ्ल यन्बु’. नून.
— ब्राफीन.
— सह. खलास, इस्म अल-’आइला: ता, मिथ्ल तबूक. शीन, मिथ्ल शम्स. अलिफ.
— ता, सीन…
— ला. शीन. शम्स.
— आह, शीन. तैयिब.
— फा, मिथ्ल फहद. अलिफ. नून.
— तशाफान. रकम अल-जव्वाल?
— (तो 05 पासून एकेक आकडा सांगतो; ती परत म्हणते.)
— अक्रब मौ’इद अथ्-थुलाथा, ब’अद अल-मग्रिब.
— अस्-सा’आ कम, बिद्-दब्त?
— सब्’आ इल्ला थिल्थ.
— लहझा… सब्’आ, ब’अद सित्ता?
— ऐवा, सब्’आ.
— य’अनी अथ्-थुलाथा, सब्’आ इल्ला थिल्थ, ’इंद दुक्तूर खालिद, सह?
— ला, ’इंद दुक्तूरा हिंद.
— दुक्तूरा हिंद. तमाम. तजीनी रिसाला?
— ऐवा, इन्शा’अल्लाह.
— शुक्रन, म’अ अस्-सलामा.

“सलामतक” म्हणजे लवकर बरे व्हा. त्याला “अल्लाह यिसल्लमिक” हे उत्तर देतात, पण प्रवीण ते न म्हणता पुढे गेला तरी बिघडत नाही. डॉक्टरचं नाव त्याने अंदाजाने घेतलं होतं. परत म्हणून दाखवल्यामुळे तिने ते दुरुस्त केलं. त्याने मंगळवारी, सहा चाळीसला, डॉ. हिंद यांच्याकडे जायचं आहे.

फोन ठेवल्यावर

मेसेज आला की अरबी वार आणि वेळ कागदाशी ताडून बघा. अरबीत आकडे ٧ असे दिसले तर तो सात, ٨ हा आठ. उलटसुलट V दिसत असल्यामुळे हे दोन हमखास अदलाबदल होतात. नाव ‘ब्राफीन’ऐवजी थोडं वेगळं आलं असेल तर रोखीने जाणाऱ्याला सहसा अडचण येत नाही, विम्याने जाणाऱ्याने मात्र त्याच दिवशी फोन करून “अल-इस्म गलत” म्हणत दुरुस्त करून घ्यावं. जायला जमणार नसेल तर वाक्य तयार ठेवा: “’इंदी मौ’इद अथ्-थुलाथा, अब्गा अगय्यिरुह.” माझी मंगळवारी अपॉइंटमेंट आहे, बदलायची आहे. रद्दच करायची तर ‘अगय्यिरुह’च्या जागी ‘अल्गीह’.